बेंचवर अकरा आठवडे, पगार बंद, आणि आता सहीसाठी पत्र

सौरभ, एडिसन
शनिवार, २४ मे २०२५

नमस्कार मंडळी,

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात भेटलेल्या एका काकांनी सांगितलं, लिस्टवर विचार, म्हणून लिहितोय. मी एच-१बी या वर्क व्हिसावर एका छोट्या कन्सल्टिंग कंपनीत आहे. ७ मार्चला क्लायंटने आमची टीमच बंद केली. तेव्हापासून बेंचवर आहे, म्हणजे नोकरी आहे पण प्रोजेक्ट नाही, आणि पगार एक डॉलरही आलेला नाही. एचआरचं म्हणणं, "बिलिंग नाही तर पगार नाही, ऑफर लेटरमध्ये लिहिलंय." खरंच लिहिलंय, मी सही करताना वाचलं नव्हतं.

काल त्यांनी एक पत्र पाठवलं. "मी वैयक्तिक कारणासाठी १० मार्चपासून बिनपगारी रजा मागत आहे" असं त्यात आहे, माझ्या नावाने, आणि तारीखही १० मार्चचीच. मंगळवारपर्यंत सही करून पाठवायचं आहे. मधे १४ ते २५ एप्रिल मी नाशिकला होतो, बाबांची बायपास होती. एचआर म्हणते, रजा घेतलीच होतीस ना, मग अडचण काय?

दुसऱ्या एका कंपनीची ऑफर आहे, पण व्हिसा तिकडे ट्रान्सफर करायला त्यांचे वकील शेवटच्या तीन पे स्टब, म्हणजे पगाराच्या पावत्या, मागताहेत. माझ्याकडे फेब्रुवारीनंतरची एकच आहे. सही करू का?

---

विवेक, पिस्कॅटवे

सौरभ, टेन्शन घेऊ नकोस. प्रोजेक्ट संपला की ६० दिवसांचा ग्रेस पिरियड मिळतो, त्यात दुसरं काम शोधायचं असतं. त्या काळात पगार द्यायचं कंपनीवर बंधन नाही. माझ्या दोन मित्रांचं असंच झालं होतं. पत्रावर सही करून टाक, कागदोपत्री सगळं नीट राहील आणि ट्रान्सफर सुटसुटीत होईल. कंपनीशी वाकडं घेऊन इथे कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

---

अनघा, प्रिन्स्टन

माझ्या भाच्याला कॉलेजमधून सांगितलंय की ९० दिवसांपेक्षा जास्त बिनकामाचं राहायचं नाही, नाहीतर स्टेटस जातं. सौरभ, तुझे अकरा आठवडे म्हणजे ७७ दिवस झाले. तेरा दिवस उरलेत, लवकर हालचाल कर!

---

शुभदा, ब्रिजवॉटर
शनिवार रात्री

सौरभ, सही करू नकोस. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी.

मी वकील नाही. इथल्या एका इमिग्रेशन वकिलांच्या ऑफिसात बरीच वर्षं पॅरालीगल होते आणि नेमकं असलं पत्र मी अनेकदा हाताळलेलं आहे.

अनघा, तुझ्या भाच्याचे ९० दिवस ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या कामाच्या परवानगीचे आहेत. तो विद्यार्थ्याच्या व्हिसावर आहे, सौरभला तो हिशोब लागू नाही.

विवेक, तुमचे ६० दिवस खरे आहेत, पण ते नोकरी गेल्यानंतरचे. सौरभची नोकरी गेलेली नाही. त्याला कुणी काढल्याचं पत्र दिलं नाही, त्याने राजीनामा दिला नाही, कंपनीने इमिग्रेशन खात्याला काही कळवल्याचं दिसत नाही. तो आजही त्यांचा कर्मचारी आहे, फक्त त्याला द्यायला त्यांच्याकडे काम नाही. आणि तुमचं म्हणणं धरलं तर त्याचे ६० दिवस मे महिन्याच्या सुरुवातीलाच संपले असते! त्या वाटेने जाऊन त्याचंच नुकसान आहे.

एच-१बीसाठी कंपनी आधी लेबर खात्याकडे एलसीए भरते आणि त्यात लिहून देते की या माणसाला इतका पगार देऊ. १९९८ पासून कायद्यात स्पष्ट आहे की काम नाही म्हणून माणूस बसून असेल, तरी तो पगार द्यावाच लागतो. पूर्णवेळ म्हणून आणलं असेल तर पूर्णवेळाचा. क्लायंट पैसे देतो की नाही, हा कंपनीचा धंदा. ऑफर लेटरमधल्या त्या कलमाने हे बंधन सुटत नाही.

पगार कधी थांबतो? माणूस स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या कारणासाठी कामापासून दूर गेला तर. फिरायला गेला, घरच्या आजारपणासाठी गेला, किंवा अपघात वा बाळंतपणामुळे काम करू शकत नाही, तर त्या दिवसांचा पगार या कायद्याने द्यावा लागत नाही. कंपनीच्या रजेच्या धोरणात किंवा दुसऱ्या कायद्यात तो मिळत असेल तर गोष्ट वेगळी. आता ते पत्र पुन्हा वाच. "वैयक्तिक कारणासाठी रजा मागत आहे" हे शब्द तिथे का आहेत, ते कळेल. त्यावर सही केलीस की तुझी अकरा आठवड्यांची थकबाकी तू स्वतःच पुसलीस. शिवाय मार्चची तारीख मे महिन्यात घालून खोटं लिहून दिलंस, ते वेगळंच. उद्या ते पत्र तुझ्याच फाइलमध्ये निघालं तर उत्तर तुला द्यावं लागेल.

मला तीन गोष्टी सांग. एलसीएची प्रत आहे का? रुजू होण्याच्या दिवसापर्यंत ती तुला द्यायलाच हवी होती. त्यात पगार किती आहे? आणि या अकरा आठवड्यांत तू काम मागत होतास, याचा लेखी पुरावा काय?

---

प्रसन्न, जर्सी सिटी

शुभदाताईंनी लिहिलं म्हणून धीर करून माझंही सांगतो. काही वर्षांपूर्वी मी चार महिने बेंचवर होतो. मालक म्हणाला, पगार देता येत नाही, पण पे स्टब हव्या असतील तर पैसे तू दे, मी पेरोल चालवतो. मी बचतीतून त्याला चेक दिले, त्याने त्यावरचा टॅक्स कापून तेच पैसे मला "पगार" म्हणून परत केले. कंपनीच्या वाट्याचा पेरोल टॅक्सही माझ्याकडूनच घेतला. स्टब मिळाल्या, व्हिसाचं एक्स्टेन्शन झालं, कुणी काही विचारलं नाही. बायकोला मी हे दोन वर्षांनी सांगितलं. ते चेक दिल्याची आठवण अजून घशात अडकते. सौरभ, तुलाही कुणी हे सुचवेल. नको करूस.

---

सौरभ

ताई, एलसीए मिळाली, जुन्या मेलमध्ये पीडीएफ होती. पूर्णवेळ, वर्षाला ९६,००० डॉलर. माझा खरा पगारही तेवढाच होता.

पुरावा म्हणाल तर १० मार्चलाच मॅनेजरला मेल केला होता, "आजपासून उपलब्ध आहे, पुढचं काम सांगा." त्यांच्या सेल्सवाल्याने माझा रेझ्युमे सहा क्लायंटना पाठवला, ते मेल माझ्या कॉपीत आहेत. दोन इंटरव्ह्यू झाले. २८ एप्रिलला नाशिकहून परत आल्यावर चॅटवर "आय ॲम बॅक, रेडी टू स्टार्ट" लिहिलं, त्यावर मॅनेजरचा अंगठा आहे. जायच्या आधी मीच मेल करून दोन आठवड्यांची रजा मागितली होती, तेही आहे.

---

शुभदा

अरे, मग तुझी बाजू भक्कम आहे. ज्याला रजेवर समजायचं त्याचा रेझ्युमे सहा ठिकाणी कोण पाठवतं?

हिशोब मांडू. ९६,००० भागिले ५२, म्हणजे आठवड्याला १,८४६ डॉलर आणि वर काही सेंट. १० मार्च ते २३ मे हे अकरा आठवडे, त्यांचे २०,३०८. पण नाशिकचे दोन आठवडे तू स्वतः मागितलेस, बाबांसाठी. ते वजा कर. राहिले नऊ आठवडे, १६,६१५ डॉलर, टॅक्स कापायच्या आधीचे. ते दोन आठवडे ओढून-ताणून आत घालू नकोस. तेवढ्याने बाकीच्या नऊवरही शंका घेतली जाते. शिल्लक पगारी रजा असेल तर ती मात्र माग.

आणि आकडा थांबलेला नाही. तू बेंचवर आहेस तोवर दर आठवड्याला वाढतोय. कंपनीला तो थांबवायचा असेल तर तुला रीतसर काढावं लागेल, म्हणजे तुला लेखी कळवायचं, इमिग्रेशन खात्यालाही कळवायचं, आणि भारतात परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च द्यायची तयारी दाखवायची. तो फक्त तुझा, घरच्यांचा नाही. तू राजीनामा दिलास तर तोही नाही. म्हणून रजेच्या पत्रावर नाही म्हणालास की पुढचं पत्र राजीनाम्याचं येईल. त्यावरही लगेच सही नको.

त्यांनी नाहीच दिलं तर लेबर खात्याच्या वेज अँड अवर विभागाकडे डब्ल्यूएच-४ नावाचा फॉर्म भरायचा. फी नाही, वकील लागत नाही. शेवटच्या चुकलेल्या पगारापासून बारा महिन्यांच्या आत तक्रार जायला हवी. तक्रार वेळेत असेल तर त्याआधीची थकबाकीही त्यात येऊ शकते.

---

विवेक

ताई, ६० दिवसांचं माझं चुकलं, मान्य. पण एक विचारतो. उद्या याने तक्रार केली आणि कंपनीने रागाने याच्या व्हिसासाठी भरलेली पिटिशनच काढून घेतली तर? कायदा याच्या बाजूने असेल, पण लीज याच्या नावावर आहे. निकाल लागेपर्यंत हा इथे असेल का?

---

शुभदा

विवेक, प्रश्न अगदी रास्त आहे आणि मी तो झटकणार नाही. तक्रार केली म्हणून सूड घ्यायला बंदी आहे. पण बंदी मोडल्याचं सिद्ध करायला महिने जातात. खातं तक्रारदाराचं नाव शक्यतो कंपनीला सांगत नाही, तरी बारा माणसांच्या कंपनीत मालकाला अंदाज येतोच.

दुसऱ्या बाजूने पाहा. सौरभकडे स्टब नाहीत, तेव्हा ट्रान्सफरच्या वेळी "या काळात तू स्टेटसमध्ये होतास का?" हा प्रश्न येणारच. इमिग्रेशन खात्याने स्वतः म्हटलंय की एलसीए मोडल्याची तक्रार केलेल्याने तिचा पुरावा जोडला तर ती अपवादात्मक परिस्थिती म्हणून धरली जाऊ शकते. जाऊ शकते, जाईलच असं नाही. म्हणजे तक्रार हेच त्याचं संरक्षणही होऊ शकतं.

आधी ट्रान्सफर फाइल करून मग तक्रार, की तक्रार करून तिची प्रत ट्रान्सफरला जोडायची, यावर आमच्या ऑफिसातल्या दोन वकिलांचं कधी एकमत झालं नाही. सौरभ, नव्या कंपनीच्या वकिलांना स्टबचं खरं कारण सांग आणि हा क्रम त्यांनाच विचार. पण ते वकील नव्या कंपनीचे आहेत, तुझे नव्हेत. तासाभरासाठी का होईना, स्वतःचा वेगळा वकील गाठ.

---

अनघा

भाच्याचं कळलं, धन्यवाद ताई. पण एक राहिलं. बेंचवर असताना कंपनी म्हणाली की "अर्धा पगार घे, अर्धवेळ दाखवू," तर चालतं का?

---

शुभदा

पुढच्या काळासाठी, नवी एलसीए आणि सुधारित पिटिशन भरून, खरंच अर्धवेळ काम असेल तर. मागच्या तारखेपासून नाही.

---

सौरभ
रविवार, २५ मे

सगळ्यांचे आभार. प्रसन्नदादा, तुमचा मेल आईलाही वाचून दाखवला. आत्ता एचआरला हे पाठवलं, कंपनीच्या मेलवरून, आणि प्रत माझ्या खासगी मेलवर ठेवली:

"१४ ते २५ एप्रिल मी रजा मागितली होती, ती मला मान्य आहे. १० मार्चपासून इतर सर्व दिवस मी कामासाठी उपलब्ध होतो आणि आजही आहे. म्हणून सोबतच्या पत्रावर मी सही करू शकत नाही. एलसीएनुसार नऊ आठवड्यांचा पगार कधी जमा होईल, ते कळवावे."

चॅटचे स्क्रीनशॉट घेतलेत, कारण लॅपटॉप त्यांचा आहे. उद्या मेमोरियल डे, ऑफिस बंद. वकिलांची वेळ बुधवारी सकाळी दहाची मिळाली आहे. तोपर्यंत मॅनेजरचा फोन आला तर उचलू की फक्त मेलवरच बोलू?

---

शुभदा

उचल, नम्रपणे बोल, कशालाही हो म्हणू नकोस. फोन ठेवल्यावर लगेच मेल टाक, "आत्ता आपलं असं बोलणं झालं."