आधी नोकरी, मग प्रशिक्षण

> भावाला स्किझोफ्रेनिया आहे. आधी वर्षभर प्रशिक्षण द्यावं का? मालकाला आजार सांगायचा का?

वर्ष घालवू नका. आयपीएस, म्हणजे ‘इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट’, ही मानसिक आजार असलेल्यांना नोकरीसाठी मदत करायची पद्धत आहे. तिच्यात त्याला काम हवंय, एवढंच पाहतात. लक्षणं पूर्ण जायची वाट पाहत नाहीत. आधी नेहमीच्या पगाराची खरी नोकरी, मग तिथेच शिकवणं आणि पुढेही आधार.

सांगायचं का, किती, हे भावानेच ठरवायचं. मी एका मुलाची रोजगार-सहायक होते. गोदामात तो सकाळी आठला पेंगायचा, मालकाला तो आळस वाटला. त्याची लेखी संमती घेऊन मी मालकांना फक्त ‘औषधाने सकाळी सुस्ती येते’ एवढंच सांगितलं, आजाराचं नाव नाही. दहाची पाळी मिळाली. डॉक्टरांनाही कळवलं, त्यांनी रात्रीची गोळी लवकर घ्यायला लावली. गोळी मात्र स्वतःहून बंद करू देऊ नका.