शब्दचर्चा : ‘डिबाउन्सर’ला ‘उसळीरोधक’ म्हणावे का? आणि ‘एज’ म्हणजे कड, धार की कडा?

तळटीप :
एफपीजीए बोर्डावरील प्रयोगांची एक पुस्तिका मी मराठीत आणत आहे. त्यातील बटणाच्या प्रयोगात मी पुढील वाक्य लिहिले होते : ‘बटणाची कड शोधणाऱ्या मंडलाआधी उसळीरोधक बसवावा.’ कच्चा मसुदा वाचून पाहणाऱ्या दोघांनी दोन निरनिराळ्या शंका विचारल्या. एकाला वाटले की हा किती ओहमचा रोधक आहे, हे लिहायचे राहून गेले आहे. दुसऱ्याने बटणाची कड म्हणजे त्याच्या प्लॅस्टिकच्या टोपीची कड असे धरले आणि ती शोधायची कशासाठी, असे विचारले. या दोन्ही कल्पनांसाठी वाचकाची दिशाभूल न करणारे शब्द हवे आहेत. सगळे काम व्हेरिलॉगमध्येच करायचे असून बोर्डावर वेगळा सुटा भाग जोडायचा नाही, हेही शब्दातून निसटता कामा नये.

जुनाबोरू :
‘उसळीरोधक’ हा अगदी निर्दोष शब्द आहे. बटण दाबल्यावर आतल्या धातूच्या पट्ट्या एकमेकींवर आपटून खरोखरच उसळतात, म्हणून उसळी. आणि तिला रोधणारा तो उसळीरोधक. गतिरोधक म्हटल्यावर कोणी ओहम विचारत नाही. शब्द वापरात आले की रुळतात, आणि ते वापरायचेच नसतील तर पुस्तिका मराठीत काढण्याचे प्रयोजन काय, हे मला कळत नाही.

कोरापाट :
जुनाबोरू, गतिरोधक विद्युत मंडलाच्या आकृतीत बसत नाही, म्हणून तिथे घोटाळा होत नाही. इथे रोधक हा शब्द आधीच एका भागाला दिलेला आहे, आणि उसळ्या गुळगुळीत करण्यासाठी रोधक व धारित्र यांची जोडी लावण्याची पद्धत जुनीच आहे. तेव्हा त्या वाचकाची शंका अस्थानी नव्हती.

माझा मोठा आक्षेप मात्र अर्थाला आहे. हे मंडल उसळी रोखत नाही. पट्ट्या उसळायच्या तेवढ्या उसळतातच आणि त्यांचे चढउतार पिनेपर्यंत पोहोचतातही. मंडल फक्त एवढेच करते की आलेला बदल पुरेसा वेळ टिकून राहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवत नाही. खालील रूप पाहा :

```verilog
module button #(parameter N = 20) (
  input  wire clk, btn,
  output wire pulse
);
  reg s0 = 0, s1 = 0, stable = 0, prev = 0;
  reg [N-1:0] cnt = 0;

  always @(posedge clk) begin
    s0 <= btn;
    s1 <= s0;
    if (s1 == stable)
      cnt <= 0;
    else begin
      cnt <= cnt + 1'b1;
      if (&cnt) stable <= s1;
    end
    prev <= stable;
  end

  assign pulse = stable & ~prev;
endmodule
```

`stable` म्हणजे आपण मान्य केलेली स्थिती आणि `s1` म्हणजे आत्ता दिसणारी स्थिती. दोन्ही सारख्या असतील तर गणक शून्यावर राहतो. त्या वेगळ्या झाल्या की गणक चढू लागतो. मध्येच एक उसळी आली आणि दोन्ही क्षणभर जरी सारख्या झाल्या, तरी तो पुन्हा शून्यावर येतो. १०० मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर २० बिटांचा गणक भरायला १०,४८,५७६ ठोके, म्हणजे सुमारे १०.५ मिलिसेकंद लागतात. बहुतेक लहान बटणांच्या उसळ्या त्याआधीच संपतात. बोर्ड ५० मेगाहर्ट्झचा असेल तर याच `N` ने दुप्पट वेळ लागेल, म्हणून तिथे १९ पुरेसे होईल. यात रोखणे कुठेच नाही. आहे ते थांबणे आणि खात्री करून घेणे. मला विचाराल तर ‘डिबाउन्सर’च राहू द्यावा.

मृगजळ :
क्रिया थांबण्याची असेल तर ‘निवळणे’ हे आपले क्रियापद का घेऊ नये? ढवळलेले पाणी निवळायचे ते कोणी त्याला हात लावून नव्हे, तर थोडा वेळ जाऊ देऊनच. त्यावरून ‘निवळक’ म्हणता येईल. मला तर वाटते की निवळणे आणि निवाडा हे शब्दही एकाच मुळातून आले असावेत, आणि तसे असेल तर हे मंडल निवाडाच करते.

जुनाबोरू :
निवाड्याच्या मुळाविषयी काही आधार असल्यास द्यावा. नुसत्या ध्वनिसाम्यावरून नाती जुळवण्याचा छंद धोक्याचा आहे. शिवाय पाणी निवळते तेव्हा गाळ तळाशी शिल्लक राहतो. इथे उसळ्या कुठे साठून राहतात?

अर्धवर्तुळ :
शब्द कोणताही घ्या, पण कोरापाट यांनी दिलेले मंडल मला उगाच वाढवलेले वाटते. दर दहा मिलिसेकंदांनी एकदा पिनेकडे पाहावे आणि तेव्हा जे दिसेल ते खरे मानावे, एवढ्याने काम भागते. उसळ्यांचा काळ त्याहून कमी असेल तर त्यांच्यात फार तर एकच नमुना सापडेल. तो शून्य आला तर बदल पुढच्या वेळी नोंदला जाईल आणि एक आला तर आत्ताच; दोन्ही प्रकारे बदल एकदाच दिसतो. आणि इतक्या संथपणे पाहताना `s0`, `s1` हे दोन फ्लिप-फ्लॉप कशासाठी? ते वेगवान संकेतांसाठी असतात.

कोरापाट :
आपले पहिले म्हणणे बरोबर आहे आणि ही पद्धत वापरलीही जाते. तिची मर्यादा एवढीच की नेमक्या पाहण्याच्या क्षणी तारेवर बाहेरचा एखादा खोटा झटका आला, तर तो बटण दाबल्यासारखा मोजला जाईल. गणकाच्या पद्धतीत तसा झटका गणक थोडासा चढवून विरून जातो.

दुसरे म्हणणे मात्र मान्य करता येत नाही. बटण दाबणाऱ्या बोटाला क्लॉकची जाणीव नसते, त्यामुळे पिनेवरचा बदल क्लॉकच्या ठोक्याला अगदी खेटूनही येऊ शकतो; आपण किती वेळा पाहतो यावर त्याची शक्यता कमी-जास्त होते, ती नाहीशी होत नाही. अशा वेळी पहिला फ्लिप-फ्लॉप थोडा काळ ना शून्य ना एक, अशा मेटास्टेबल अवस्थेत राहू शकतो आणि त्याला सावरायला पुढचा एक ठोका मिळावा म्हणून दुसरा असतो. त्याहून नेहमी दिसणारा बिघाड वेगळा आहे. समजा `s1` ऐवजी थेट `btn` ची तुलना `stable` शी केली. ती तुलना गणकाच्या वीसही बिटांपर्यंत जाते, पण प्रत्येक वाटेची लांबी सारखी नसते. बदल ठोक्याच्या तोंडावर आला तर काही बिटांना ‘शून्यावर जा’ असे कळते आणि काहींना ‘चढ’ असे. परिणामी गणकात भलताच आकडा उमटतो आणि तो वेळेआधी भरू शकतो. सिम्युलेशनमध्ये हे कधीच दिसत नाही, कारण तिथे सगळ्या बिटांना बदल एकाच क्षणी कळतो. बोर्डावर मात्र अधूनमधून कारण न सापडणारा एखादा जास्तीचा दाब मोजला जातो.

अर्धवर्तुळ :
वीस बिटांचा मुद्दा पटला. मेटास्टेबल अवस्थेची भीती मात्र बटणाच्या बाबतीत अतिरंजित आहे, या मतावर मी ठाम आहे.

सुगरणपक्षी :
विषय कडेचाच निघाला आहे म्हणून माझी अडचण सांगते. माझ्या बोर्डावर बटण दाबून धरले तर काहीच होत नाही, सोडले की दिवा बदलतो. शिवाय बोर्ड चालू केल्या केल्या दिवा एकदा आपोआप बदलतो. मी पुस्तिकेतल्याप्रमाणे चढती कडच वापरली आहे. मराठीत ‘चढती’ म्हटल्यावर मी दाबणे असेच समजले. मग ‘उतरती’ लिहायला हवे होते का?

कोरापाट :
सुगरणपक्षी ताई, आपल्या बोर्डावरचे बटण बहुधा पुल-अप जोडणीचे असणार. मोकळे असताना पिनेवर एक असतो आणि दाबल्यावर शून्य होतो, म्हणून व्होल्टेज चढते ते सोडतानाच. चालू करतानाच्या बदलाचे कारणही तेच आहे. `stable` ची सुरुवात शून्याने होते, पिनेवर एक दिसतो, साडेदहा मिलिसेकंदांनी मंडल तो एक मान्य करते आणि त्यालाच चढती कड समजून एक स्पंद सोडते. यावर `pulse` ची ओळ बदलून उतरती कड पकडता येईल, पण दाराशीच अर्थ सरळ करून घेणे अधिक चांगले :

```verilog
s0 <= ~btn;
```

यानंतर आतल्या सगळ्या नावांत एक म्हणजे ‘दाबलेले’ असेच राहते आणि दोन्ही तक्रारी मिटतात. आपण दिवा `pulse` ला थेट न जोडता `if (pulse) led <= ~led;` असे लिहिले असावे, कारण तो स्पंद एकाच ठोक्याचा, म्हणजे १० नॅनोसेकंदांचा असतो. तो थेट दिव्याला जोडून ‘स्पंद येतच नाही’ अशी तक्रार करणारे पुष्कळ भेटतात.

मृगजळ :
यावरून एक सुचते. तरंगाच्या आकृतीत शून्यावरून एकावर जाणारी रेघ सरळ उभी असते, डोंगराच्या कड्यासारखी. मग ‘ती कड’ ऐवजी ‘तो कडा’ म्हणावे. बटणाच्या टोपीची कड हा गैरसमज आपोआप टळेल.

जुनाबोरू :
आणि ‘कड’चे अनेकवचन ‘कडा’च होते, त्याचे काय? ‘दोन कडा सापडल्या’ आणि ‘एक कडा सापडला’ हे शेजारशेजारच्या ओळींत आले, तर तुमचा वाचक लिंगवचनातच अडकून पडेल. ‘धार’ घ्यावी, ती निदान एका लिंगात राहते.

कोरापाट :
धारेला हरकत एवढीच की पाण्याची धार आणि शस्त्राची धार यांपैकी एकही क्षणापुरती नसते, आणि इथे सगळे महत्त्व क्षणालाच आहे. म्हणूनच ‘बटणाची कड’ हा प्रयोग मुळातच चुकतो. कड बटणाला नसते, संकेताला असते.

तळटीप :
सर्वांचे आभार. तूर्त वाक्य असे केले आहे : ‘पिनेवरचा संकेत आधी क्लॉकशी जुळवून घ्यावा, तो स्थिरावल्याची डिबाउन्सरने खात्री करावी, आणि मगच त्या स्थिर संकेताची चढती कड ओळखून एका ठोक्याचा स्पंद काढावा.’ क्रम उलटा झाला, म्हणजे कड आधी ओळखली, तर प्रत्येक उसळीला एक स्पंद सुटेल, हेही खाली लिहीत आहे. ‘निवळक’ मोहक आहे, पण शीर्षकात घालण्याचे धाडस अजून होत नाही.

जुनाबोरू :
एका वाक्यात ‘संकेत’ तीनदा चालेल इतका समर्पक, आणि ‘डिबाउन्सर’ मात्र जसाच्या तसा! ‘क्लॉक’लाही मग हात का लावला नाही, हे समजले.

अर्धवर्तुळ :
‘संकेत’ दोनदाच आला आहे. आणि ‘ठोका’ हा शब्द चढत्या कडेला म्हणायचा की पूर्ण आवर्तनाला, हे कोणी सांगेल का? कारण कोरापाट यांनी वर तो दोन्ही अर्थांनी वापरला आहे.