‘ओव्हरऑल डिफरन्शियल’ला ‘संपूर्ण’ म्हणावं का?

शब्दवेडी: वीजकेंद्राच्या पुस्तिकेचा अनुवाद करतेय. जनित्र आणि त्याचं स्टेप-अप रोहित्र यांना एकच हद्द धरणाऱ्या संरक्षणाला मी ‘संपूर्ण विभेदी संरक्षण’ लिहिलं. तपासणाऱ्या इंजिनिअरने ‘संपूर्ण’ खोडून ‘दिशाभूल’ असा शेरा दिला. ‘एकंदर’ चालेल?

परशुराम: डिफरन्शियल म्हणजे विकलन. ‘विकलक रिले’ म्हणा, गणितात रुळलेला शब्द आहे.

रिलेवाला: नको हो. विकलनात बदलाचा दर पाहतात, इथे आत गेलेला आणि बाहेर आलेला प्रवाह जुळतो का एवढंच. ‘विभेदी’ बरा. ताई, तो शेरा मात्र रास्त आहे. 250 एमव्हीए, 15.75 केव्हीचं जनित्र घ्या, पूर्ण भाराला सुमारे 9160 अँपिअर. त्याचा न्यूट्रल मोठ्या रोधातून जमिनीला जोडलेला असतो, म्हणून स्टेटरच्या अर्थ फॉल्टला जेमतेम 10 अँपिअर वाहतात. हा रिले 20-30 टक्के फरकावर उचलतो. त्याला ते 10 अँपिअर दिसणारच नाहीत.

मंदार_क: पण जनित्राच्या बाजूला सेटिंग बारीक ठेवता येईल ना? रोहित्राला वेगळं, जनित्राला वेगळं.

रिलेवाला: तसं जनित्राच्या स्वतःच्या विभेदी रिलेत करतात. वाइंडिंगच्या दोन्ही टोकांना तोच प्रवाह, म्हणून तो 10 टक्क्यांवरही ठेवतात. मोठ्या हद्दीच्या रिलेला आतले भाग कळत नाहीत, फक्त हद्दीवरचे, प्रवाह मोजणारे सीटी दिसतात. त्यामुळे रोहित्राची सगळी पथ्यं अख्ख्या हद्दीला पाळावी लागतात. स्टार-डेल्टाचा 30 अंशांचा फरक आणि व्होल्टेजचं गुणोत्तर जुळवायचं, रोहित्र चालू करताना उसळणाऱ्या इनरश प्रवाहाला दुसऱ्या हार्मोनिकवर थांबायचं.

सुलभा: आमच्याकडे घोळ वेगळाच झाला होता. मधूनच फांदी काढून जोडलेल्या ऑक्झिलरी रोहित्राचा सीटी बेरजेत जोडलेलाच नव्हता. वर्षभर काहीच जाणवलं नाही. मग त्याच्या खालच्या बसवर शॉर्ट झाला आणि अख्खं युनिट ट्रिप झालं. रोहित्र 16 एमव्हीएचं.

रिलेवाला: हिशेब बसतो. पूर्ण भाराला ते 586 अँपिअर घेतं, म्हणजे जनित्राच्या 6.4 टक्के, रिले गप्प. इम्पिडन्स 10 टक्के धरला तर खाली शॉर्ट झाल्यावर 5860, म्हणजे 64 टक्के. हा प्रवाह मोजलाच जात नाही, म्हणून रिलेला फॉल्ट आत वाटतो. चाचणीत पूर्ण भाराला फरकाचा आकडा वाचायचा. तो त्या रोहित्राच्या भाराबरोबर वरखाली होत असेल तर सीटी राहिलाय.

परशुराम: मग ‘संपूर्ण’ही नाही, ‘एकंदर’ही नाही. ‘संयुक्त’ घ्या.

शब्दवेडी: ‘संयुक्त’मध्ये दोनच घटक वाटतात, ऑक्झिलरीची फांदी सुटते.

सुलभा: आम्ही बोलताना ‘मोठी हद्द’च म्हणतो.

परशुराम: पुस्तिकेत ‘मोठी’? शब्दाला वजन नको का!

मंदार_क: आणि रेस्ट्रेंटला काय लिहिलंत? ‘लगाम’ की ‘निरोध’?