लाल-सोनेरी नववर्ष, कागदाची नक्षी आणि कंदील : तुमच्या घरचे अनुभव सांगा

अबोली_सिंगापूर

काल माळ्यावरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. दर वर्षी चिनी नववर्षाआधी काढते. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं माझं पहिलं कात्रण सापडलं. रंग उडून गाजरासारखा झालाय. ते बघून हा धागा.

माझा नवरा सिंगापूरचाच, होक्कियन चिनी. मी डोंबिवलीची. लग्नानंतरचं पहिलं नववर्ष होतं आणि मला साबांवर छाप पाडायची होती. हस्तकलेत मी शाळेपासून बरी. लाल घोटीव कागद आणला, त्यांच्या कपाटावर एक सुंदर चौकोनी अक्षर चिकटवलेलं होतं ते बघून तसंच कापलं. कागद दोनदा घडी घातला की ते अक्षर अगदी फणीसारखं कापता येतं, उलगडलं की तयार! अशी बारा कापली. दारावर, खिडक्यांवर, फ्रिजवर लावली.

साबा बाजारातून आल्या, दारातच थांबल्या आणि नवऱ्याला विचारलं, "कोणाचं लग्न आहे?"

ती होती 'श्वांग-शी', म्हणजे आनंद हे अक्षर दोनदा शेजारी शेजारी. ते फक्त लग्नाचं. कपाटावरचं त्यांच्या स्वतःच्या लग्नातलं होतं, चाळीस वर्षांपूर्वीचं. साबा रागावल्या नाहीत. अकरा काढली, एक राहू दिलं. म्हणाल्या, तुमचं लग्न नवंच आहे, चालेल.

तुमच्याकडे काय काय झालंय? मिश्र घरं, शेजार, ऑफिस, काहीही चालेल.

मुक्ता_के

हाहाहा, म्हणजे आपल्याकडे पाडव्याला मुंडावळ्या बांधून बसल्यासारखं!

खाऊगल्ली

अननसाच्या टार्ट्सची रेसिपी द्या ना कोणीतरी. धाग्याशी संबंध नाही, माहीत आहे.

तैपेईकर

अबोली, तुमच्या हातून तेच अक्षर का झालं ते सांगतो. नवशिके नेहमी तिथेच जातात, कारण ते सममित आहे. नववर्षाचं खरं अक्षर 'फू', म्हणजे सुख-समृद्धी, ते डावी-उजवीकडे सारखं नाही. घडी घालून ते निघतच नाही. पेन्सिलीने काढून, खाली जाड पुठ्ठा ठेवून कटरने कापावं लागतं. आधी आतल्या बारीक खिडक्या आणि शेवटी बाहेरची कड, नाहीतर कागद हातात लोळायला लागतो.

घडीनेच करायचं असेल तर 'छुन' कापा, म्हणजे वसंत. ते सममित आहे आणि नववर्षाचंच आहे. चौकोनी कागद एकदाच मधोमध घडी घालायचा आणि अर्धं अक्षर बंद कडेला टेकवून काढायचं. माझ्या वर्गात निम्म्या लोकांनी ते उघड्या कडेला काढलं होतं. कापून झाल्यावर प्रत्येकाच्या हातात दोन अर्धे वसंत.

अबोली_सिंगापूर

"दोन अर्धे वसंत" 😂 पुढच्या वर्षी मुलीकडून छुनच करून घेते.

सदाशिव_पेठी

पण फू उलटा लावतात ना? उलटं या शब्दाचा आणि 'आला' या शब्दाचा उच्चार सारखाच, 'दाओ'. म्हणजे फू उलटा लावला की सुख आलं. आमच्या चिनी पाहुण्यांनी सांगितलेलं. त्यामुळे सगळीकडे उलटाच लावायचा, सरळ लावणं चूक.

तैपेईकर

दाओचं बरोबर. "सगळीकडे उलटा" याला मात्र मी मान डोलावणार नाही. तांदळाच्या पिंपावर, कपाटावर, आतल्या खोल्यांत उलटा बऱ्याच घरी दिसतो. मुख्य दारावर सरळच हवा असं म्हणणारे पुष्कळ आहेत. दारातून सुख आत यायचं, ते तिथेच उलटं कशाला सांडायचं?

अबोली_सिंगापूर

आमच्या साबा या दुसऱ्या पार्टीतल्या. दारावर सरळ, तांदळाच्या डब्यावर उलटा. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या दारावर मात्र उलटाच असतो आणि लिफ्टमध्ये भेटल्या की दोघींचा दर वर्षी तोच वाद. निकाल लागलेला नाही.

रेवा_केएल

क्वालालंपूर. आम्ही भाड्याने राहतो, खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई. पहिल्या वर्षी मी हौसेने लाल क्रेप कागदाची फुलं करून पांढऱ्या भिंतीवर मैद्याच्या खळीने चिकटवली. इथली दमट हवा, त्यात ओली खळ. तिसऱ्या दिवशी प्रत्येक फुलाभोवती गुलाबी प्रभावळ! भिंत रंगवून द्यावी लागली.

आता कागद विकत घेतानाच ओला अंगठा मागच्या बाजूला दाबून बघते. अंगठा लाल झाला तर तो कागद फक्त काचेवर. तिथेही खळ सगळीकडे फासत नाही, चार टोकांना तांदळाच्या खळीचा एकेक ठिपका. काढताना ओल्या फडक्याने निघतं. भिंतीवर ओलं काही नाहीच, फक्त कागदी टेप.

जोशीकाका_टोरांटो

आमच्या सूनबाई व्हिएतनामी आहेत. त्यांच्याकडे याला 'तेत' म्हणतात, 'चायनीज न्यू इयर' म्हटलेलं त्यांना आवडत नाही. मी एकदा म्हटलं, नंतर महिनाभर सावध होतो. त्यांच्याकडेही लाल-सोनेरीच, शिवाय पिवळी फुलं पाहिजेतच. इथे फेब्रुवारीत बाहेर बर्फ, त्यामुळे कापडी फुलं.

आमची ही मात्र वेगळ्याच काळजीत होती. २०२५ मध्ये हा सण २९ जानेवारीला आला, म्हणजे मौनी अमावास्या. "अमावास्येला घरात नवीन वर्ष?" मी म्हटलं, अगं लक्ष्मीपूजन कधी करतेस? मग गप्प.

पंचांगप्रेमी

काका, ते दर वर्षी अमावास्येच्या आसपासच येणार. त्यांचा महिना अमावास्येच्या दिवशी सुरू होतो, आपला दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला. २०२६ मध्ये १७ फेब्रुवारी, तीही माघ अमावास्या. अधिक महिनासुद्धा आहे त्यांच्याकडे. पण आपल्याच वेळी येईल असं नाही. २०२५ मध्ये त्यांचा सहावा महिना दोनदा आला, आपल्याकडे त्या वर्षी अधिक मास नव्हता.

मुक्ता_के

कंदिलांचं सांगा कोणीतरी. मुलाच्या शाळेत 'जगातले सण' आहे, परवाच हवंय. दिवाळीचा आकाशकंदील चालेल का? लाल आहे.

रेवा_केएल

झिरमिळ्या काढून टाक, कोणाला कळणारही नाही 😄

खरं सांगायचं तर पंधरा मिनिटांत होतो. ए-फोर आकाराचा लाल कागद लांबीच्या बाजूने मध्ये घडी घाल. घडीच्या बाजूने सव्वा-दीड सेंटिमीटरवर काप देत जा, पण वरच्या उघड्या कडेपासून तीन सेंटिमीटर आधी थांब. उलगड आणि काप उभे राहतील अशी नळकांडी कर. आत सोनेरी कागदाची दुसरी नळी, उंचीला लालपेक्षा दोन सेंटिमीटर कमी. लाल कागदाच्या वरच्या-खालच्या कडा सोनेरी नळीच्या कडांना चिकटवल्या की लाल पट्ट्यांना बाहेर फुगावंच लागतं आणि फटींतून सोनेरी दिसतं. दोन्ही नळ्या सारख्या उंचीच्या केल्यास तर पोट सुटत नाही, नुसता पाइप दिसतो. माझे पहिले सहा पाइपच होते.

मुक्ता_के

वा! आत पणती?

रेवा_केएल

अजिबात नाही गं. कागद आहे. सेलवरची छोटी माळ सोड.

अबोली_सिंगापूर

आमच्याकडे कंदील आंग पाओच्या पाकिटांचे. पैसे काढून घेतले की रिकामी लाल-सोनेरी पाकिटं साबा वर्षभर जपून ठेवतात, मग त्यांचे कंदील आणि मासे. रच्याकने, पाकिटांवरून आठवलं. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा तिने नवऱ्याच्या भाच्यांना कौतुकाने पाकिटात ५१ डॉलर घातले. वर एक नाणं हवंच ना आपल्याला! नवरा हळूच म्हणाला, विषम रक्कम आमच्याकडे दुःखाच्या प्रसंगी देतात. आईला ते पटेना, शून्यावर संपणारं देणं तिला अशुभ. शेवटी ५२ वर तोड निघाली. नवऱ्याचं समाधान सम आकड्यावर, आईचं शून्य टळण्यावर.

सदाशिव_पेठी

५२ म्हणजे पत्त्यांचा जोड. ह.घ्या.

कोलकाता_ते_कोल्हापूर

मी तीन वर्षं कोलकात्यात नोकरीला होतो. टँग्रात चिनी वस्ती आहे, नववर्षाला तिथे सिंहनाच बघायला जायचो. आमच्या एका सहकाऱ्याचं कुटुंब तिथलं, हाक्का, जुना चामड्याचा धंदा. त्याच्या दाराच्या दोन बाजूंना उभ्या लाल पट्ट्या, वर आडवी एक. एका वर्षी लावायला मी मदत केली. दोन्ही पट्ट्या उलटसुलट लावल्या आणि त्याच्या आजीने शिडीवरून उतरू दिलं नाही. तेव्हापासून प्रश्न आहे, डावी-उजवी ओळखायची कशी? मला अक्षरं येत नाहीत.

तैपेईकर

जुन्या रीतीने दाराकडे तोंड करून उभं राहिलं की पहिली ओळ उजवीकडे, दुसरी डावीकडे, कारण उभं लिखाण उजवीकडून डावीकडे वाचतात. पहिली कुठली हे शेवटच्या अक्षराच्या सुरावरून कळतं. सूर खाली पडणारा किंवा खाली जाऊन वळणारा असेल तर ती पहिली. सपाट किंवा चढता असेल तर दुसरी. अक्षर येत नसेल तर फोनवर शेवटच्या अक्षराचा उच्चार ऐका. वरची आडवी पट्टी आधुनिक पद्धतीने डावीकडून छापलेली असेल तर काही जण पहिली ओळही डावीकडे घेतात. त्यामुळे आधी आजींना विचारा.

कोलकाता_ते_कोल्हापूर

आजी आता नाहीत. पण धन्यवाद, इतक्या वर्षांनी समजलं.

निशिगंध

अबोली, एक विचारू? या वर्षी माझ्या शेजारच्या चिनी कुटुंबाने काहीच लावलं नाही. दर वर्षी सगळा जिना लाल असतो. मी आपला एक कंदील नेऊन दिला तर त्यांनी घेतला, पण लावला नाही. काही चुकलं का माझं?

अबोली_सिंगापूर

त्यांच्याकडे कोणी गेलं असेल बहुतेक. सासरे गेले त्या वर्षी आमच्याकडे एकही लाल कागद नव्हता, कोणाकडे जायचं नव्हतं, कोणाला बोलवायचं नव्हतं. घरोघरी कालावधी वेगळा, आमच्याकडे साबांनी वर्ष पाळलं. आपण त्या वर्षी दिवाळीचा फराळ करत नाही, तसंच. तुझं चुकलं नाही. नुसती जाऊन बस त्यांच्याकडे, संत्री वगैरे काही नेऊ नकोस.

त्या वर्षी मुलगी चार वर्षांची होती. ती सारखी विचारायची, आह मा, कंदील? साबांनी तिला पाकिटं दिली आणि कंदील करायला बसवलं, पण टांगला नाही. डब्यात ठेवला. तोही काल सापडला.

निशिगंध

🙏 जाते आज संध्याकाळी.

जोशीकाका_टोरांटो

आमच्याकडेही तसंच पाळतात.

खाऊगल्ली

टार्ट??

रेवा_केएल

खाऊगल्ली, विपू केलीये. अननस किसून पिळून घे, नाहीतर सारण आटता आटत नाही.

मुक्ता_के

रेवा, केला कंदील! पोट सुटलंय. म्हणजे कंदिलाचं.

अबोली_सिंगापूर

मस्त! मी आता ऊस शोधायला चाललेय. नवव्या दिवसासाठी दाराशी लाल कागद बांधून उसाची जोडी उभी करतात होक्कियन लोक, स्वर्गाच्या देवाचा वाढदिवस. पूर्वज शत्रूपासून उसाच्या फडात लपून वाचले अशी गोष्ट आहे. आईला हे एवढं एकच लगेच समजलं होतं. म्हणाली, म्हणजे तुळशीचं लग्न.

सदाशिव_पेठी

मग लग्नाचं ते अकरा नग अक्षर तिथे लावा की.