मदत हवी आहे: अहवालातून धोक्याचा परिच्छेद काढायला सांगितलंय

नवा_स्ट्रक्चरल:
मी एका सल्लागार कंपनीत स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. एका रहिवासी इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये गळती का होते, एवढंच शोधायचं काम आमच्याकडे आलं. पार्किंगवर बीम नसलेला सपाट स्लॅब आहे, तो थेट कॉलमवर टेकलाय, आणि त्याच्यावर बाग. वॉटरप्रूफिंग बघायला बागेत खड्डा घेतला तर माती ७५० मिमी निघाली. मूळ ड्रॉइंगवर ३०० आहे.

मग सहज पंचिंग, म्हणजे कॉलमभोवती स्लॅब फाटून खाली यायचा धोका, तपासलं आणि झोप उडाली. कॉलम ६०० मिमी चौरस, दोन्ही दिशांना ७ मीटर अंतरावर, स्लॅब ३०० जाड, काँक्रीट एम-३०. एका कॉलमभोवतीची क्षमता येते १२२५ किलोन्यूटन. मूळ डिझाइनमध्ये १.५ चा गुणक धरून भार जवळपास तेवढाच होता, उरबाकी काही नाही. आता तोच १८०० च्या वर जातो.

साहेबांचं म्हणणं, "आपल्याला गळतीचे पैसे मिळालेत, पंचिंगचे नाहीत. परिच्छेद काढ." करारात गोपनीयतेचं कलम आहे. आचारसंहितेत एकीकडे लोकांची सुरक्षितता सर्वप्रथम, दुसरीकडे ग्राहकाची माहिती त्याच्या परवानगीशिवाय उघड करायची नाही. मी नक्की काय करू?

तिरकस:
आचारसंहिता म्हणजे काही कायदा नव्हे, करार मात्र कोर्टात उभा राहतो. नाव न घालता फोटो टाका सोशल मीडियावर, मोकळे व्हा.

गच्चीवाला:
आमच्याकडेही छताला ओल येते. सोसायटीने डांबराचा थर दिला, वर्षभरात पुन्हा तेच. तुमच्या अहवालात वॉटरप्रूफिंगसाठी काय सुचवलंय?

जुना_गज:
गच्चीवाला, वेगळा धागा काढा, सांगतो. इथे प्रश्न गळतीचा नाहीच.

तिरकस, करार उभा राहतो हे खरं, पण इंजिनिअरचं लायसन्स बहुतेक ठिकाणी त्या आचारसंहितेवरच टिकून असतं. आणि निनावी फोटोचा उपयोग शून्य. त्याच्यामागे आकडेमोड मांडणारा कुणी नसतो, म्हणून मालक "अफवा" म्हणून झटकून टाकतो.

धागाकर्ते, ती दोन कलमं समोरासमोर नाहीत. अमेरिकेतल्या एनएसपीई या इंजिनिअरांच्या संघटनेच्या संहितेत गोपनीयतेच्या कलमातच अपवाद आहे: कायद्याने किंवा या संहितेने सांगितलं असेल तर सोडून. त्यांच्या नीतिमंडळाचं ९०-५ हे प्रकरण वाचा. भाडेकरूंनी मालकावर दावा लावला होता, मालकाच्या वकिलाने नेमलेल्या इंजिनिअरला दाव्यात नसलेले गंभीर दोष सापडले. वकील म्हणाला गप्प बस, तो बसला. मंडळाने ते अनैतिक ठरवलं. तुमच्या साहेबांचं "कामाच्या कक्षेत नाही" हे त्याचंच भावंड.

पण आधी पुरावा पक्का करा. एका खड्ड्यावर १८०० म्हणू नका, बागेत चार-पाच ठिकाणी खोली मोजा. स्लॅबची जाडी आणि वरच्या सळईचं कव्हर तपासा. सळई खाली दबली असेल तर प्रभावी जाडी घटते आणि तुमचे १२२५ सुद्धा उरत नाहीत. गुणक न धरता आजचा भार १२०० च्या आसपास येतो, म्हणजे स्लॅब सुरक्षिततेसाठी राखलेल्या भागावर उभा आहे. आणि पंचिंगच्या भेगा कॉलमभोवती वरच्या बाजूने उघडतात, म्हणजे तुमच्या मातीखाली. खालून बघणाऱ्याला सगळं ठीक दिसेल. वाकून इशारा देणारा हा प्रकार नाही, एकदम सुटतो.

त्यानंतर साहेबांना लेखी द्या: आकडे, गृहीतकं, आणि तातडीचा उपाय. उपाय स्वस्त आहे, जास्तीची माती काढा. फक्त ती शेजारच्या स्लॅबवर ढीग करून ठेवू देऊ नका, पंचिंग तिथे होईल. ते होईपर्यंत तळघर रिकामं आणि टेकू. हेच पत्र ग्राहकाला जाऊ द्या. दोघंही हलले नाहीत तर बांधकाम परवाना देणाऱ्या खात्याला, तुमच्या नावाने, फक्त या दोषापुरतं. तिथे जायच्या आधी वकिलाला भेटा, कारण तक्रारदाराला संरक्षण किती हे देशागणिक बदलतं. परिच्छेद काढलेल्या अहवालावर सही करू नका.

नवा_स्ट्रक्चरल:
साहेबांना लेखी दिलं. ते आता म्हणतात, माती काढायला ग्राहक तयार आहे, पण "बागेचं नूतनीकरण" म्हणून. रहिवाशांना कारण सांगायचं नाही.

जुना_गज:
न्यूयॉर्कच्या सिटीकॉर्प इमारतीत १९७८ मध्ये हेच झालं. डिझाइन करणाऱ्या लेमेशुरिएने स्वतःच दोष मालकाला आणि शहराच्या अधिकाऱ्यांना सांगितला, बोल्टच्या जोडांवर रात्री पोलादी पट्ट्या वेल्ड झाल्या, आणि लोकांना कळलं १९९५ मध्ये. माती उतरून मोजमाप हातात आलं तर मी फार ताणणार नाही.

पायाभरणी:
मला पटत नाही. त्यांच्या बाबतीत निदान शहराला माहीत होतं. इथे फाइलवर "बाग" लिहिलं की पुढच्या कमिटीला कारणच ठाऊक नसेल, आणि कुणीतरी पुन्हा झाडं लावायला माती टाकेल. खात्याला कळवायचं राहिलंच आहे.

नवा_स्ट्रक्चरल:
सोमवारी वकिलाची भेट आहे. तोवर टेकू लावायला सांगितलंय, अजून लागलेले नाहीत.