बी.कॉम.नंतर डिजिटल मार्केटिंग : स्वतः शिकलेले काम अर्जाच्या ईमेलमध्ये कसे मांडावे?

सांगलीकर :
मी बी.कॉम. असून सध्या एका कर सल्लागारांकडे जीएसटीची विवरणपत्रे भरण्याचे काम करतो. पुण्यातील एका लहान एजन्सीत गूगल जाहिरातींच्या सहायक पदासाठी अर्ज करायचा आहे. गूगल स्किलशॉपवरून सर्च जाहिरातींचे प्रमाणपत्र मिळवले आहे, आणि दिवाळीआधी मावशीच्या घरगुती फराळासाठी ३,००० रुपयांची सर्च जाहिरात स्वतः चालवली. तिच्यातून ६ ऑर्डर आल्या. सरासरी ऑर्डर ८०० रुपयांची असून तीत मावशीला २४० रुपये सुटतात, म्हणजे तोटाच झाला. ईमेलमध्ये सध्या एवढेच आहे : "मला एसईओ, गूगल ॲड्स, सोशल मीडिया व ॲनालिटिक्सचे चांगले ज्ञान आहे." फराळाचा प्रयोग लिहावा की वगळावा?

तुळशीबाग :
प्रमाणपत्र सर्वांत वर लिहावे, कारण अनुभव नसलेल्या उमेदवाराकडे दाखवण्याजोगे तेच असते. तोट्याचा प्रकल्प मात्र स्वतःहून सांगू नये.

माळरान :
मी मेकॅनिकल डिप्लोमा केला आहे. माझ्यासाठी कोणता कोर्स योग्य ठरेल? पुण्यातील एका संस्थेने बरीच मोठी फी सांगितली आहे.

जाहिरातवाला :
माळरान, आपला प्रश्न वेगळा आहे. त्यासाठी नवा धागा काढलात तर सविस्तर लिहीन.

सांगलीकर, मी एजन्सीत असे अर्ज वाचतो. प्रमाणपत्र लिहा, पण शेवटी आणि एकाच ओळीत. ते मोफत मिळते, त्याची मुदत वर्षभराची असते, आणि बहुतेक अर्जदारांकडे ते असतेच. "चांगले ज्ञान" हे शब्द काढून टाका, कारण त्यांवरून आम्हाला काहीच तपासता येत नाही. फराळाचा प्रयोग अवश्य लिहा. मात्र त्याआधी एक सांगा, लोकांनी नेमके काय शोधले म्हणून जाहिरात दिसली, तो सर्च टर्म्सचा अहवाल आपण पाहिला होता का?

सांगलीकर :
पाहिला होता. पहिल्या आठवड्यात १,५०० रुपयांत १ ऑर्डर आली. अहवालात "चकली रेसिपी", "अनारसे कसे करावे" असे शोधच जास्त होते. म्हणून "रेसिपी", "कृती", "कसे करावे" हे शब्द मराठी व रोमन अशा दोन्ही लिप्यांत निगेटिव्ह कीवर्ड म्हणून घातले. पुढच्या १,५०० रुपयांत ५ ऑर्डर आल्या.

जाहिरातवाला :
मग आपला अर्ज याच चार वाक्यांत आहे. ऑर्डरमागचा खर्च १,५०० वरून ३०० रुपयांवर आला. मर्यादा २४० ची होती. ही मर्यादा जाहिरात सुरू करण्याआधी काढणे बऱ्याच नवख्यांना सुचत नाही. वाणिज्य शाखेचा आपला खरा उपयोग तिथे आहे, म्हणून पदवीची वेगळी सफाई देत बसू नका. आशय असा ठेवा, भाषा जाहिरातीतील पदानुसार इंग्रजी असू द्या :

"सर्च जाहिरात सहायक पदासाठी अर्ज करत आहे. एका घरगुती फराळ-व्यवसायासाठी ३,००० रुपयांची मोहीम मी एकट्याने चालवली. एका ऑर्डरमागे २४० रुपये सुटत असल्याने तेवढीच खर्चाची मर्यादा धरली होती. पहिल्या आठवड्यात पाककृती शोधणाऱ्यांवर पैसे जात असल्याचे सर्च टर्म्समध्ये दिसले. ते शब्द वगळल्यावर ऑर्डरमागचा खर्च १,५०० वरून ३०० रुपयांवर आला. मर्यादा गाठता आली नाही. ऑर्डर थोड्या आहेत आणि दुसरा आठवडा दिवाळीच्या अधिक जवळचा होता, त्यामुळे सगळी सुधारणा या बदलाचीच आहे असे मी म्हणत नाही."

शेवटची दोन वाक्ये गाळू नका. मुलाखतीत पहिली शंका हीच येते, आणि ती आपण आधीच ओळखली आहे हे त्यांना कळते.

आकडेमोड :
एक विचारतो, ६ ऑर्डर कशावरून मोजल्या? ॲनालिटिक्समध्ये व्हॉट्सॲपच्या बटणावरील क्लिक दिसतो, पण पुढे संदेश आला की नाही हे त्यातून कळत नाही.

सांगलीकर :
जाहिरातीच्या पानावरच्या बटणात "वेबसाइटवरून फराळ हवा आहे" हा मजकूर आधीच भरून ठेवला होता. त्या मजकुराने सुरू झालेले आणि पैसे जमा झालेले संवादच मोजले.

आकडेमोड :
मग हेही एका वाक्यात घाला. अहवालाचा स्क्रीनशॉट जोडा, मात्र संवादांचा जोडू नका. त्यात ग्राहकांचे क्रमांक असतात.

तुळशीबाग :
हिशेब असा मांडला तर तोटा खटकत नाही, हे मान्य. तरीही व्यवसाय मावशींचा आहे हे ईमेलमध्ये लिहू नये, असे मला वाटते. घरचे काम म्हटले की वाचणारा त्याला कमी लेखतो.

जाहिरातवाला :
मी तरी लिहिले असते. पुढे कोणी त्या व्यवसायाशी बोलायला मागितले, तर नाते तेव्हा उघड होण्यापेक्षा आधी सांगितलेले बरे.

आकडेमोड :
ईमेलमध्ये नको, मुलाखतीत विचारले तर सांगावे.