मदत हवी आहे: रिपोर्टमध्ये जंतू नाही, तरी मेंदूच्या टीबीचे उपचार आणि वर स्टिरॉइड?

रानपाखरू:
माझा धाकटा भाऊ, वय 22, वजन 50 किलो. दोन-अडीच आठवडे ताप आणि डोकेदुखी होती, टायफॉइड समजून औषधं चालली होती. मग उलट्या सुरू झाल्या आणि तो असंबद्ध बोलू लागला, म्हणून ॲडमिट केलं. पाठीतून मेंदूचं पाणी काढलं: पेशी 240 (त्यातल्या 85% लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी), प्रोटीन 190, साखर 32. त्याच वेळची रक्तातली साखर 118. टीबीचा जंतू शोधणारी सीबीनॅट चाचणी निगेटिव्ह, एचआयव्ही निगेटिव्ह. तरी टीबीच्या गोळ्या आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड रोज 20 मिलीग्रॅम सुरू केलंय.
गेल्या वर्षी मामेभावाच्या छातीत टीबीचं पाणी झालं होतं, त्याला स्टिरॉइड दिलं नव्हतं. रोग एकच, मग असा फरक का? घरात यावरून वाद चालू आहेत.

कोकणचा_बाब्या:
जंतू सापडला नाही म्हणजे टीबी नाही, सरळ आहे. आणि स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती मरते, टीबी उलट पसरतो. ताबडतोब बंद करायला सांगा.

छातीवाला (निवृत्त डॉक्टर):
बाब्या, अर्धं बरोबर. टीबीच्या गोळ्यांशिवाय नुसतं स्टिरॉइड दिलं तर रोग भडकतो. गोळ्या चालू असताना गणित वेगळं. आणि रानपाखरू, कोणाच्याही सांगण्यावरून ते एकदम बंद करू नका.
मेंदूच्या पाण्यात जंतू फारच थोडे असतात. एखाद-दोन मिलीलिटर पाण्यात ते सापडले नाहीत तर नवल नाही. प्रयोगशाळेत किती पाणी गेलं ते विचारा. सहा ते दहा मिलीलिटर घेऊन, यंत्रात फिरवून, खाली बसलेला गाळ तपासला तर शक्यता वाढते. कल्चरला सहा आठवडेही लागतात आणि तेवढं थांबलं तर माणूस हाताबाहेर जातो. तुमच्या रिपोर्टमध्ये साखर रक्ताच्या निम्म्याहून कितीतरी खाली आहे, लिम्फोसाइट जास्त आहेत, प्रोटीन वाढलंय आणि आजार आठवड्यांचा आहे. एवढ्यावर मीही उपचार सुरू केले असते.

जास्वंदी_७:
मला छातीत पाणी झालं होतं. सीबीनॅट निगेटिव्ह, पण पाण्यातला एडीए, म्हणजे टीबीत वाढणारं एक एन्झाइम, 68 आला आणि त्यावरच गोळ्या दिल्या. एका डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिलं, दुसऱ्यांनी बंद केलं. सहा महिन्यांत बरी झाले. भावाचा एडीए किती आहे?

छातीवाला:
ताई, छातीच्या पाण्यात एडीए 40 च्या वर आणि लिम्फोसाइट जास्त असतील तर आपल्याकडे बहुतेकदा टीबीच निघतो. तरी पू झाला असेल किंवा लिम्फोमा हा कॅन्सर असेल तरी तो वाढतो. मेंदूच्या पाण्यात मात्र त्या आकड्यावर इतकं विसंबता येत नाही.
आता मूळ प्रश्न. छातीतलं पाणी हे बरंचसं शरीरानेच जंतूंवर दिलेल्या प्रतिक्रियेने साचतं. धाप लागली तर सुईने काढता येतं, आणि गोळ्यांनी ते ओसरतं. स्टिरॉइडने ताप आणि पाणी थोडं लवकर जातं, पण पुढे फुप्फुसाच्या कामात ठोस फरक दिसलेला नाही. म्हणून मामेभावाला दिलं नाही ते योग्यच.
डोक्यात मात्र जागाच नसते. मेंदूच्या तळाशी चिकट दाह साचतो, त्यातून जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, पाण्याची वाट तुंबते. जंतू मरत असतानाही ही सूज जीव घेऊ शकते. व्हिएतनाममधल्या 2004 सालच्या चाचणीत डेक्सामेथासोनने नऊ महिन्यांतले मृत्यू सुमारे 41 टक्क्यांवरून 32 वर आले. अपंगत्व मात्र कमी झालं नाही, हेही खरं. एचआयव्ही असलेल्यांवर 2023 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तसा स्पष्ट फायदा दिसला नाही, म्हणून तुमच्याकडे आधी ती तपासणी केली.
असंबद्ध बोलणाऱ्या रुग्णाला किलोमागे रोज 0.4 मिलीग्रॅमने सुरुवात करतात. तुमचे 20 तिथूनच आले. नेहमीची पद्धत म्हणजे रोजचा डोस दर आठवड्याला उतरवत 20, 15, 10, 5 मिलीग्रॅम, मग तोंडाने तसाच 4, 3, 2, 1. एकूण आठ आठवडे.

कोकणचा_बाब्या:
मान्य. पण जंतूच सापडला नाही, तर तो औषधांना दाद देतो हे कसं कळणार? रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषधच चालत नसेल तर स्टिरॉइड अंगाशी येईल ना?

छातीवाला:
हा प्रश्न चांगला काढलास, आणि याला सोपं उत्तर नाही. म्हणूनच पाणी पुन्हा, जास्त प्रमाणात, लवकर पाठवायचं. गोळ्या जितके दिवस जातात तितका जंतू सापडणं कठीण होतं. घरात कोणाला औषधांना दाद न देणारा टीबी झाला होता का, हेही डॉक्टरांना सांगा. मामेभावाची तपासणी कुठे झाली होती आणि त्यात जंतू मिळाला होता का?

रानपाखरू:
त्याचंही निगेटिव्हच होतं, तोही एडीएवरच. भाऊ आता ओळखतो, थोडं बोलतो. आज डोस 15 वर आणला आणि दुपारपासून डोकं दुखतंय म्हणतोय. साखर मोजतायत, ती 210 आहे. थांबू का?

छातीवाला:
थांबू नका, आत्ताच वॉर्डातल्या डॉक्टरांना सांगा. डोस उतरवताना सूज परत डोकं वर काढते, किंवा पाणी तुंबत असतं. गुंगी, उलटी किंवा डोळ्यांनी दोन-दोन दिसणं आहे का ते बघा. सीटी लागेल. डोस पुन्हा वाढवायचा की कसं, ते रुग्णाला बघणाऱ्याने ठरवायचं.

रानपाखरू:
सांगितलं, सीटीला नेतायत. दुसरं पाणीही काढणार आहेत, आठ मिलीलिटर मागितलंय.